केबलवाला कोणाचं ऐकतो?

नव्वदच्या दशकापासून २०१२ पर्यंत मुंबईत टीव्ही म्हटलं की गल्लीचा केबलवाला आलाच. त्याच्या कंट्रोल रूमच्या गच्चीवर डिश असायच्या, आत रिसीव्हर आणि मॉड्युलेटर, आणि तिथून निघालेली काळी कोॲक्सियल वायर गच्च्यांवरून, झाडांवरून, पाइपांना बांधत बांधत प्रत्येक इमारतीत शिरायची. वायर लांबत गेली की सिग्नल क्षीण होतो, म्हणून मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर बसवावे लागत. पण ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर आधीची खरखरही मोठी करतो आणि वर स्वतःची थोडी भर घालतो. त्यामुळे लाइनच्या सुरुवातीच्या इमारतीत चित्र चकचकीत आणि शेवटच्या चाळीत पडद्यावर मुंग्या. त्यातही वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल आधी खराब व्हायचे, कारण वायरमध्ये त्यांची गळती जास्त असते. गल्लीतली वीज गेली की ॲम्प्लिफायर बंद पडायचा आणि पुढच्या सगळ्या घरांची केबल जायची, मग त्या घरांत वीज असली तरी उपयोग नसायचा.

या सगळ्यावर उपाय होते आणि ते केबलवाल्याला ठाऊकही होते. जाड वायर घालायची, चांगले ॲम्प्लिफायर बसवायचे, एका लाइनवर घरं कमी ठेवायची, बॅटरीचा बॅकअप द्यायचा, दुरुस्तीला एक माणूस जास्त ठेवायचा. प्रत्येक उपायाला पैसे लागतात. किती पैसे घालायचे हे तोच ठरवायचा आणि महिन्याचा दरही तोच ठरवायचा, कारण सहसा एका इलाख्यात एकच केबलवाला असे. गिऱ्हाइकापुढे दोनच वाटा होत्या: आहे ते घ्या, नाहीतर कनेक्शन काढून टाका.

अशा धंद्याबद्दल आपलं मत आधीच ठरलेलं असतं. मक्तेदारी आहे, तो कशाला चांगला माल देईल? हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. मक्तेदार जास्त दर लावतो, हे अर्थशास्त्रात बऱ्यापैकी पक्कं आहे. पण तो दर्जाही कमीच देतो, असं सरसकट म्हणता येत नाही. तो समाजाला हवा त्यापेक्षा कमी दर्जा देऊ शकतो आणि जास्तही देऊ शकतो. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये ‘बेल जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकातल्या एका लेखात ही गोष्ट स्वच्छ मांडली. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले हे एक, पण ते नोबेल वेगळ्या कामासाठी होतं. मक्तेदारीतल्या दर्जावरचा हा लेख सामान्य वाचकापर्यंत फारसा पोचला नाही, आणि ते योग्य झालं नाही असं मला वाटतं. कारण वीज, पाणी, केबल, विमानतळ अशा सेवांबद्दल आपण ज्या तक्रारी करतो, त्यांच्या मुळाशी नेमकं काय बिघडलेलं असतं ते त्यात सापडतं.

स्पेन्स यांचं म्हणणं समजायला एक हिशोब मांडू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. एका गल्लीत ३०० घरं आहेत, १००-१०० च्या तीन गटांत. पहिला गट हौशी घरांचा. मुंग्या असलेल्या साध्या केबललाही ते महिन्याला ३०० रुपयांपर्यंत द्यायला तयार आहेत. मधल्या गटाची तयारी २५० पर्यंत आहे. तिसरा गट काठावरचा, २०० पर्यंत देईल आणि एक रुपया वर गेला की कनेक्शन काढेल. केबलवाल्याला एका घरामागे खर्च येतो ६० रुपये. सगळ्यांना एकच दर लावायचा असल्यामुळे त्याच्यापुढे तीन पर्याय राहतात. दर ३०० ठेवला तर फक्त १०० घरं राहतात आणि नफा २४,००० होतो. २५० ठेवला तर २०० घरं आणि ३८,००० नफा. २०० ठेवला तर ३०० घरं आणि ४२,००० नफा. तो २०० लावेल.

आता चित्र स्वच्छ करायचा प्रश्न. त्यासाठी घरामागे ४० रुपये जास्त खर्च आहे असं धरा, म्हणजे एकूण १००. स्वच्छ चित्रासाठी हौशी घरं आणखी १०० रुपये द्यायला तयार आहेत, मधली ५०, आणि काठावरची जेमतेम १५, कारण त्यांच्याकडे टीव्ही जुना आहे आणि तो लागतोही कमी. हा दर्जा द्यावा का? गल्लीच्या बाजूने बघितलं तर नक्कीच द्यावा. तीनही गटांना मिळणारं जास्तीचं समाधान रुपयांत १६,५०० आहे आणि जास्तीचा खर्च १२,०००. म्हणजे महिन्याला ४,५०० रुपयांचा निव्वळ फायदा पडून आहे. दर किती लावला याचा या बेरजेशी संबंध नाही, कारण दर म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा. गल्लीची एकूण जमा त्याने बदलत नाही.

पण केबलवाला अशी बेरीज करत बसत नाही. तो एवढंच बघतो की चित्र सुधारलं तर दर कितीने वाढवता येईल. काठावरचं घर न गमावता दर फक्त १५ रुपयांनी वाढतो आणि खर्च ४० ने. नफा ४२,००० वरून ३४,५०० वर येतो. काठावरच्यांना सोडून दर थेट ३०० केला, तर २०० घरांवर ४०,००० मिळतात, तेही आधीपेक्षा कमीच. म्हणून तो मुंग्या तशाच ठेवतो. हौशी घर मनातल्या मनात म्हणत असतं की अरे, मी १०० रुपये जास्त देतो, चित्र नीट कर. पण एकच दर असल्यामुळे ते १०० रुपये केबलवाल्यापर्यंत पोचायला रस्ताच नाही.

स्पेन्स यांच्या लेखाचा गाभा हाच आहे. घरांची संख्या तीच धरली, तर मक्तेदार दर्जा ठरवताना फक्त काठावरच्या ग्राहकाकडे बघतो, कारण दर त्या ग्राहकाच्या तयारीने बांधलेला असतो. समाजाच्या दृष्टीने बघायचं असतं ते सरासरी ग्राहकाकडे, कारण दर्जा सुधारल्याचा लाभ सगळ्यांना होतो. काठावरच्या ग्राहकाला दर्जाची किंमत सरासरीपेक्षा कमी वाटत असेल, तर दर्जा गरजेपेक्षा कमी मिळतो. केबलवाला आळशी किंवा लबाड असायची गरज नाही. मनापासून हिशोबी असला तरी तो हेच करेल.

याची दुसरी बाजू लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. समजा प्रश्न चित्राचा नसून एका महागड्या स्पोर्ट्स चॅनलचा आहे, आणि त्याचे घरामागे ४० रुपये ब्रॉडकास्टरला द्यावे लागतात. हौशी घरं रोज मालिका आणि बातम्या बघणारी. त्यांना या चॅनलचं मोल १० रुपये. मधल्यांना १५. काठावरच्या घरांत मात्र मालिका कोणी बघत नाही, केबल ठेवावी की काढावी याचा निर्णयच मॅचवर होतो, आणि ती घरं ५० रुपये जास्त द्यायला तयार आहेत. केबलवाल्याने चॅनल घेऊन दर २५० केला, तर एकही घर सुटत नाही. दर ५० ने वाढला, खर्च ४० ने, नफा ४२,००० वरून ४५,००० झाला. तो चॅनल घेणारच. गल्लीची बेरीज मात्र अशी: तीनही गटांचं जास्तीचं समाधान ७,५०० रुपये, जास्तीचा खर्च १२,०००. म्हणजे ४,५०० चा तोटा. हौशी घराला १० रुपयांच्या गोष्टीसाठी ५० मोजावे लागले. इथे मक्तेदाराने दर्जा जास्त दिला आणि समाजाचं नुकसान झालं. ‘एवढे चॅनल कोण बघतं, उगाच बिल वाढवलंय’ ही तक्रार त्या काळी घरोघरी होती, आणि तिच्यात हा हिशोब दडलेला होता. व्यवहारात आणखी एक गुंता असे. बरेच केबलवाले ब्रॉडकास्टरला घरांचा आकडा कमी सांगत, त्यामुळे घरामागचा खरा खर्च कागदावरच्यापेक्षा कमी पडे आणि चॅनल वाढवायचा मोह आणखी वाढे.

इथपर्यंत मी मुद्दाम ३०० घरं कायम धरली, कारण स्पेन्स यांचा निष्कर्ष तेवढ्यापुरताच सरळ आहे. मक्तेदार दर्जाबरोबर दरही ठरवत असतो, आणि दर वाढवला की घरं गळतात. घरं गळली की काठावर कोण उभं आहे तेही बदलतं. चित्राच्या उदाहरणात फक्त एक आकडा बदलू. मधल्या गटाला स्वच्छ चित्राचं मोल ५० ऐवजी ६५ आहे असं समजा. आता स्वच्छ चित्र देऊन दर ३१५ लावला, तर २०० घरांवर नफा ४३,००० होतो आणि तो आधीच्या ४२,००० पेक्षा जास्त आहे. केबलवाला चित्र सुधारेल, दर ३१५ करेल आणि काठावरच्या १०० घरांची केबल बंद होईल.

आता दर्जा समाजाला हवा तेवढाच आहे, कारण या आकड्यांनीही स्वच्छ चित्रच योग्य ठरतं. तरी गल्लीची अवस्था आधीपेक्षा वाईट आहे. मुंग्यांसकट सगळ्यांकडे केबल होती तेव्हा एकूण समाधानातून खर्च वजा करून ५७,००० उरत होते. स्वच्छ चित्र सगळ्यांना मिळालं असतं तर ६३,००० उरले असते. स्वच्छ चित्र फक्त २०० घरांना मिळालं, तेव्हा उरले ५१,५००. एखाद्या मक्तेदाराची सेवा उत्तम दिसली की आपण त्याला शाबासकी देतो. ती देण्याआधी ही सेवा घेणं कोणी सोडून दिलं, याची चौकशी करायला हवी. दर्जा एकट्याने मोजून काही सिद्ध होत नाही, तो किती जणांपर्यंत पोचला हेही बघावं लागतं. म्हणूनच मक्तेदाराचा दर्जा आदर्शापेक्षा कमी असतो की जास्त, याचं एका शब्दात उत्तर स्पेन्स यांनी दिलं नाही, आणि त्यांच्या पाठोपाठ १९७६ मध्ये याच विषयावर लिहिणाऱ्या इस्रायली अर्थतज्ज्ञ एतान शेशिन्स्की यांनीही दिलं नाही.

मग सरकारने हस्तक्षेप केला तर? भारतात तो झाला. जानेवारी २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, केबलचे दर गोठवले. २६ डिसेंबर २००३ ला जो दर चालू होता तोच कमाल दर. दरवाढीने त्रासलेल्या घरांना याने दिलासा मिळाला, आणि तो खरा होता. पण दर बांधला की दर्जाचं काय होतं ते आपल्याच गल्लीत बघा. दर २०० वर गोठला आहे. चित्र स्वच्छ केलं तर घरामागे ४० रुपये जातात आणि वसूल एक पैसाही होत नाही. आधी काठावरच्या घराचे १५ रुपये तरी मिळत होते, आता तेही नाहीत. दर्जा सुधारून केबलवाल्याला फायदा एकाच वाटेने होऊ शकतो, ती म्हणजे नवी घरं जोडली गेली तर. जी घरं आधीच जोडलेली आहेत त्यांच्या समाधानाचा त्याच्या वहीत काहीच हिशोब राहत नाही. म्हणून इथे स्पेन्स यांचं उत्तर एकदम ठाम आहे. दर गोठवलेला असेल तर मक्तेदाराने दिलेला दर्जा त्या दरात समाजाला हव्या असलेल्या दर्जापेक्षा कमीच असतो. यात काठावरचा आणि सरासरी अशी तुलनाही करावी लागत नाही. दराला कमाल मर्यादा घालणाऱ्याला दर्जाला किमान मर्यादा घालावीच लागते, नाहीतर त्याने दरात दिलेलं मुंग्यांच्या रूपाने परत घेतलं जातं.

आणि ती किमान मर्यादा किती ठेवायची, इथे नियामकाची खरी पंचाईत होते. बाजारातल्या दरावरून काठावरच्या ग्राहकाची तयारी कळते. २०१ रुपये केले की कोण जातं ते दिसतं. पण हौशी घराला स्वच्छ चित्राचं मोल १०० रुपये आहे की ४०, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. ते घर दोन्ही वेळी २०० रुपये देतं आणि गप्प राहतं. सरासरी काढायला नेमकी हीच माहिती लागते. लोकांना विचारावं, तर ज्याला पैसे द्यायचे नाहीत तो मोल फुगवून सांगतो आणि ज्याला बिल वाढण्याची भीती आहे तो कमी करून सांगतो.

काही वेळा प्रश्न मोडून सोपा करता येतो. २००६ च्या अखेरीस मुंबईच्या काही भागांत ‘कॅस’ आलं. फुकट चॅनलचा किमान संच महिना ७७ रुपयांत आणि पे चॅनल प्रत्येकी जास्तीत जास्त ५ रुपयांत, सेट टॉप बॉक्स लावून. पुढे ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत जुनी ॲनालॉग केबल बंद झाली आणि सगळ्यांकडे बॉक्स आले. फेब्रुवारी २०१९ पासून तर प्रत्येक पे चॅनलची किंमत वेगळी जाहीर करणं आणि तो सुटा विकणं सक्तीचं झालं. स्पोर्ट्स चॅनलचं आपलं उदाहरण याने सुटतं: ज्याला मॅच हवी त्याने त्याचे पैसे द्यावेत, मालिका बघणाऱ्याने देऊ नयेत. पण वायर, ॲम्प्लिफायर, बॅकअप, दुरुस्तीचा माणूस हे घरागणिक वेगळं विकता येत नाही. एकाच वायरवरच्या सगळ्यांना एकच सेवा मिळते, आणि तिथे स्पेन्स यांचं कोडं तसंच उभं राहतं.

शिवाय दर्जाच्या पायऱ्या करून विकण्यात वेगळाच धोका असतो. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई यांनी १८४९ मध्येच आगगाडीबद्दल तो लिहून ठेवला आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नव्हतं ते खर्च वाचवायला नव्हे. छप्पर घातलं असतं तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणारा माणूस तिसऱ्यात बसला असता, म्हणून गरिबाला उन्हात ठेवलं होतं. एका दर्जाचा माल विकणाऱ्या मक्तेदाराची चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते. अनेक दर्जे विकणाऱ्याची चूक मात्र ठरलेली असते, वरचा दर्जा व्यवस्थित आणि खालचा मुद्दाम बिघडवलेला.

राहिली स्पर्धा. याच काळात डीटीएच आलं, म्हणजे थेट घरावर डिश. ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय सुरू झालं, त्याआधी डिश टीव्ही होतंच. केबलवाल्याच्या हिशोबात याने काय बदललं, ते आपल्या पहिल्या गल्लीवरून बघू, मधल्या गटाचे ५० रुपये तसेच ठेवून. डीटीएचचं चित्र स्वच्छ आणि दर २७० आहे असं धरा. हौशी घराला स्वच्छ चित्राचं एकूण मोल ४००, म्हणजे डीटीएच घेऊन त्याचे १३० रुपये वाचतात. मुंग्यांच्या केबलवर २०० देऊन १०० च वाचतात. हे घर आता निघालं. आधी जो ग्राहक कधीच सुटणार नव्हता, तोच काठावर येऊन उभा राहिला, आणि दर्जाची सर्वांत जास्त किंमत त्यालाच वाटते. हौशी घरांना जाऊ दिलं तर केबलवाल्याचा नफा २८,००० वर येतो. मुंग्या तशाच ठेवून त्यांना धरून ठेवायचं तर दर १७० च्या खाली आणावा लागतो, नफा ३३,००० च्या आत. चित्र सुधारून दर २७० च्या खाली ठेवला तर काठावरची घरं जातात आणि नफा ३४,००० च्या आत राहतो. चित्र सुधारून दर २१५ केला, तर ३०० च्या ३०० घरं टिकतात आणि नफा ३४,५००. सगळ्यांत फायद्याचं हेच, आणि गल्लीच्या दृष्टीने योग्यही हेच.

हे सगळं डीटीएचच्या दरावर अवलंबून आहे. तो २७० ऐवजी २९० असता, तर हौशी घराचे तिकडे ११० रुपयेच वाचले असते. मग केबलवाल्याने दर १८९ केला असता, ३०० घरं टिकवली असती, ३८,७०० कमावले असते आणि ॲम्प्लिफायरला हातही लावला नसता.